पुसूनका बाईंचे मार्क

चित्रकलेच्या बाईंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नाही. मुलांच्या तोंडी त्या पुसूनका बाई होत्या, आणि हळूहळू शिपाईमामांपासून मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत, सगळ्यांच्याच तोंडी तेच नाव बसलं. वर्ष सुरू झालं की पहिल्याच तासाला त्या डबा घेऊन बाकांमधून फिरायच्या आणि मुलांचे रबर गोळा करायच्या. "पुसू नका," म्हणायच्या. "चुकलं तर चुकू दे. बाजूला पुन्हा काढा. मला दोन्ही बघायचंय."

एका नव्या मुलाने दुसऱ्याच दिवशी घरून चिठ्ठी आणली होती, की आमच्या मुलाचा रबर परत मिळावा, तो महागातला आहे. बाईंनी रबर परत दिला. पण त्या मुलाला जवळ घेऊन म्हणाल्या, "हा भाषेच्या तासाला वापर हं. माझ्या तासाला याला सुट्टी."

बाई शिंप्याच्या घरात वाढल्या होत्या. लहानपणी वडिलांच्या मशिनखाली बसून, कापडावर आखायच्या खडूचे तुकडे घेऊन त्या फरशीवर चित्रं काढायच्या. वडील कुठलाही कपडा आधी लांब लांब कच्च्या टाक्यांनी जोडायचे, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचे, उसवायचे, पुन्हा जोडायचे. तयार सदऱ्यावर त्या कच्च्या टाक्यांचा मागमूस राहायचा नाही. पण सदरा अंगावर नीट का बसतो, हे त्या घरातल्या पोरीला पाठ होतं.

पुढे त्या चित्रकला शिकायला गेल्या. तिथे एक जुने शिक्षक होते. परीक्षेला सगळ्यांची चित्रं जमिनीवर मांडायचे, आणि हातातल्या छडीच्या टोकाने एकेक चित्र सरकवत जायचे. हे इकडे, हे तिकडे. चहा गार व्हायच्या आत निकाल तयार. एका वर्षी बाईंचं चित्र 'तिकडे' गेलं. त्यांनी विचारलं, सर, काय कमी पडलं? सर म्हणाले, "नजर तयार झाली की कळेल." नजर तयार झाली, केस पिकायला लागले, पण ते चित्र तिकडे का गेलं हे बाईंना कधी कळलं नाही.

शाळेत चित्रकलेला फक्त श्रेणी असायची, ती कुणी वाचायचं नाही. बाई बहुतेकांना 'चांगले' लिहायच्या आणि मुलं खूश असायची. मग एका वर्षी ठरलं की चित्रकलेचे मार्क वार्षिक निकालात धरायचे. बैठकीत ते जाहीर झालं तेव्हा बाईंना आनंदही झाला आणि धास्तीही वाटली. इतकी वर्षं त्यांना वाटायचं की आपल्या विषयाला किंमत मिळावी. आता मिळत होती, तर ती मोजायची कशी हा प्रश्न त्यांच्याच गळ्यात पडला होता.

त्या सुट्टीत जेवणाचं टेबल बाईंनी ताब्यात घेतलं. मागच्या वर्षांची चित्रं पसरून त्या बसायच्या, लिहायच्या, खोडायच्या. स्वतःला मात्र खोडायची परवानगी होती. त्यांचे यजमान दवाखान्यात औषधं द्यायचे. ताट मांडीवर घेऊन जेवता जेवता ते म्हणायचे, "आमच्याकडे बरं असतं. ताप उतरला की उतरला. तुझ्या चित्राचा ताप कुठे बघायचा?"

"चित्रात नाहीच बघायचा," बाई एकदा म्हणाल्या. "चित्राच्या आधी काय काय झालं, त्यात बघायचा."

असं करत करत त्यांनी ठरवलं. मार्क चार गोष्टींचे. मुलाने किती वाटा शोधल्या, म्हणजे पहिलं सुचलं तेच धरून बसला की आणखी काही करून पाहिलं. अडलं तेव्हा काय केलं, सोडून दिलं की पुन्हा वेगळं करून पाहिलं. पेन्सिल, रंग, कागद यांच्यावर हात किती बसलाय, आणि यातच शेवटचं चित्र आलं. आणि चौथं, आपण काय केलं, का केलं, पुन्हा केलं तर काय बदलू, याचा मुलाने केलेला विचार. प्रत्येक गोष्टीपुढे नुसतं 'उत्तम, मध्यम' न लिहिता, कागदावर नेमकं काय दिसलं तर किती मार्क, हे साध्या शब्दांत लिहिलं. वर्ष सुरू झाल्यावर तो तक्ता भिंतीवर लागला. मुलांना आधीच कळायला हवं होतं की बाई काय बघणार आहेत. आणि प्रत्येकाची एक फाईल झाली. कच्चं काम, फसलेलं काम, सगळं तिच्यात. फेकायचं काही नाही.

पहिल्या सत्राचा विषय त्यांनी दिला, 'घरातली अशी वस्तू, जिच्याकडे कुणी बघत नाही.'

त्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे छापखाना म्हणायचे, कारण त्याचं चित्र छापून आल्यासारखं दिसायचं. रेघ इकडची तिकडे नाही, रंग बाहेर गेलेला नाही. त्याने चहाची स्टीलची किटली काढली. अशी चकचकीत, की शेजारच्या वर्गातली मुलं बघायला आली.

आणि एक मुलगी होती, गोगलगाय. वर्गात शेवटी येणार, शेवटी बसणार, डबासुद्धा शेवटी संपवणार. बोलणं जवळजवळ नाहीच. तिने खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ओला टॉवेल निवडला. आठवड्यांमागून आठवडे ती तो टॉवेलच काढत राहिली. पेन्सिलने काढला, कोळशाने काढला, फडकं रंगात बुडवून कागदावर दाबून पाहिलं. शेवटी मोठ्या कागदावर काढायला बसली आणि कागदावर इतकं पाणी ओतलं, की टॉवेलच्या बरोबर मध्यभागी कागद फाटला. उरलेल्या वेळात तिने मागून चिकटपट्टी लावली आणि तसंच दिलं.

निकाल लागला. गोगलगाईला छापखान्यापेक्षा जास्त मार्क होते.

दोन दिवसांनी छापखान्याची आई शाळेत आली. भांडखोर बाई नव्हती ती, बँकेत काम करणारी, नीटनेटकी, हळू आवाजात बोलणारी. तिने मोठ्या बाईंच्या टेबलावर किटलीचं चित्र ठेवलं. "मला एवढंच समजावून सांगा," ती म्हणाली. "ज्याचं चित्र सगळी शाळा बघायला येते त्याला कमी, आणि जिचा कागद फाटला तिला जास्त, हे कसं? माझ्या मुलाने कागद फाडायला हवा होता का?"

पुसूनका बाईंनी तक्ता दाखवला, फाईल दाखवली. किटलीच्या फाईलमध्ये पाच कच्ची चित्रं होती, पाचही सुबक, आणि पाचही जवळजवळ सारखी. बाईंना ती बघितल्या क्षणीच खटकली होती. त्या कच्च्या चित्रांना शेवट आधीच माहीत होता. कुठेही अंदाज नव्हता, चाचपडणं नव्हतं. चित्र पूर्ण झाल्यावर बसून, पाठीमागून तयार केलेली ती पायवाट होती. पण आईसमोर त्यांना तसं म्हणवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याने दुसरी वाट शोधलेली मला दिसली नाही."

"त्याला पहिलीच वाट बरोबर सापडली असेल तर?" आईने विचारलं.

बाईंनी ती पाच कच्ची चित्रं पुन्हा एकदा चाळून पाहिली.

मोठ्या बाईंनी मध्यम मार्ग काढला. सगळ्या वर्गाच्या फायली दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासाव्यात. शाळेत चित्रकलेचं दुसरं कुणी नव्हतं. परीक्षा विभाग गणिताच्या सरांकडे होता, म्हणून काम त्यांच्याकडे गेलं.

सर काटेकोर माणूस. खडू मोडला तर दोन तुकडे सारखे झाले का बघणारे. ते चित्रकलेच्या खोलीत आले, रंगाचे डाग चुकवत एका स्टुलावर रुमाल टाकून बसले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण ज्या प्रश्नाला उत्तर नाही त्याला मार्क कसले द्यायचे?"

"तुम्हीसुद्धा पायऱ्यांचे मार्क देताच की. उत्तर चुकलं तरी."

"देतो. पण पायरी बरोबर की चूक हे मला माहीत असतं. तुमच्या पायऱ्या वर जातात की खाली हे कोण ठरवणार? तुम्हीच ना?"

"म्हणून तर तुम्ही आलात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सरांना चहा दिला.

काम सुरू झालं ते सरांच्या पद्धतीने. फायलींवरची नावं कागद चिकटवून झाकली. बाईंचे जुने मार्क पाकिटात बंद केले, आणि बाईंनीही सगळं नव्याने तपासायचं ठरलं. आधी दोघांनी दुसऱ्या वर्गातल्या काही मुलांच्या फायली समोर ठेवून तक्ता वाचला आणि 'वाटा शोधल्या' म्हणजे नेमकं काय, यावर वाद घातला. सर म्हणाले, जास्त कागद म्हणजे जास्त शोध. बाईंनी एक जाडजूड फाईल काढली, तिच्यात एकच मांजर पंधरा वेळा होतं. मग एक बारीक फाईल काढली, तिच्यात तीनच कागद, पण तिन्हीत जिना वेगळ्या जागेवरून पाहिलेला. सरांनी दोन्ही शेजारी ठेवल्या, चष्मा पुसला. "म्हणजे संख्या नव्हे, फरक," ते म्हणाले आणि तक्त्यात तसा शब्द घालायला लावला.

दुसरी सूचना बाईंची होती. एकेक मूल घेऊन चारही मार्क द्यायचे नाहीत. आधी सगळ्या वर्गाचा शोध तपासायचा, मग सगळ्यांचं अडल्यावरचं काम, मग हात, मग विचार. "नाहीतर सुंदर चित्र बघून डोळे दिपतात आणि सगळेच रकाने भरून जातात," त्या म्हणाल्या. सरांना हे फार आवडलं. त्यांनी तेव्हाच ठरवलं की भूमितीच्या पेपरालाही असंच, एकेक प्रश्न सगळ्यांचा तपासायचा.

शाळा सुटल्यावर ते दोघं बसायचे, वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकांकडे पाठ करून. बरेचसे मार्क जुळले, आणि जुळले याचं सरांनाच जास्त नवल वाटलं. पण जिथे जुळले नाहीत, तिथे सरांनी बाईंना नीट कोंडीत पकडलं.

"ही किटली," सर म्हणाले. नाव झाकलेलं होतं, पण छापखान्याचा हात कुणाला ओळखू येणार नव्हता? "अडल्यावर काय केलं, यात तुम्ही याला अगदी कमी दिलेत."

"तो अडलाच नाही. त्याला सगळं सोपं जातं."

"हे कागदावर दिसतं, की तुम्हाला वाटतं?"

बाईंनी किटलीचे कागद पुन्हा उलटून पाहिले.

"माझ्याही वर्गात असतात अशी मुलं," सर म्हणाले. "उत्तर लिहून मोकळी होतात. मी मार्क कापतो, पण आधी विचारतो, कसं केलंस. कधी कधी त्यांनी जे केलेलं असतं ते माझ्यापेक्षा भारी असतं. कधी शेजाऱ्याचं बघितलेलं असतं. विचारल्याशिवाय कळत नाही. तुम्ही विचारलंत?"

बाईंनी विचारलं नव्हतं. त्यांनी सरळ कबूल केलं. मग त्यांनी दुसरी फाईल ओढली, ती ओल्या टॉवेलची होती, आणि म्हणाल्या, "मग इथेही माझं चुकलंय. तुमचंही." फाईलच्या शेवटी प्रत्येकाने लिहायचं एक पान होतं; तिथे 'काय बदलशील?' या प्रश्नाखाली त्या मुलीने तीनच शब्द लिहिले होते, 'कागद ओला नको.' दोघांनीही त्याला अगदी थोडे मार्क दिले होते. आणि ज्या मुलांनी पानभर छान छान वाक्यं लिहिली होती, 'या चित्रातून मला निसर्गाचं महत्त्व कळलं' वगैरे, त्यांना भरपूर. "आपण विचाराला मार्क दिले, की निबंधाला?" बाई म्हणाल्या.

सरांनी ती पानं पुन्हा वाचली. वाचताना त्यांना हसू आलं. निसर्गाचं महत्त्व ज्याला कळलं होतं, त्याने केरसुणी काढली होती.

ठरलं असं, की प्रत्येक मुलाशी बोलायचं. दोघांनी समोर बसायचं, सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे. फाईलमधला कुठला कागद तुला महत्त्वाचा वाटतो? कुठे अडलास? मग काय केलंस? पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील? ज्याला लिहिता येतं त्याने लिहावं, ज्याला बोलता येतं त्याने बोलावं, आणि ज्याला हात हलवूनच सांगता येतं त्याने करून दाखवावं. मोठ्या बाईंनी त्यासाठी तास काढून दिले. गणिताचे सर आणि चित्रकलेच्या बाई शेजारी शेजारी बसलेत, हे बघून मुलांना वाटलं काहीतरी भयंकर घडलंय.

गोगलगाय आली, फाईल उघडली आणि बराच वेळ बसून राहिली. सर घड्याळाकडे बघायला लागले. बाईंनी टेबलाखालून त्यांच्या चपलेवर चप्पल ठेवली. मग ती मुलगी बोलली, कागदाकडे बघत.

"आधी मी टॉवेल काढत होते. तो सुकलेला दिसायचा. मग आईला म्हटलं एक सुका टाक, एक ओला टाक. ओला खाली ओढला जातो. खाली जाड होतो, वर खुर्चीवर ताणला जातो." तिने कोळशाचा कागद पुढे केला. "इथे मला ते थोडं जमलं. पण मला वाटलं ओलं दाखवायचं तर कागद ओला करायला पाहिजे. म्हणून फाटला. ओलं दाखवायला ओलं करायला नको होतं. वजन दाखवायला पाहिजे होतं."

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तो कोळशाचा कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला. "खरंच की, ओला आहे हा," ते म्हणाले. गोगलगाईने मान हलवली, जणू काही सरांना हे उशिरा का होईना कळलं याचं तिला समाधान होतं.

छापखाना आला तो ताठ मानेने, पण खुर्चीत बसताच त्याची मान खाली गेली. बाईंनी पाच सुबक चित्रं मांडली आणि विचारलं, "यातलं कुठलं महत्त्वाचं?"

"कुठलंच नाही," तो म्हणाला. "ती मी नंतर काढली. फाईलमध्ये पाहिजेत म्हणून."

बाईंना राग आला नाही. त्याने ते स्वतःहून सांगितलं, याचं त्यांना बरंच वाटलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "अडलास कुठे?"

"किटलीच्या पोटात मी दिसतो," तो म्हणाला. "नाक मोठं, कान बाजूला पळालेले, मागे सगळी खोली वाकडी. ते मला येतच नव्हतं. खूप कागद झाले. सगळे घाण झाले. म्हणून मी तिथे नुसती चमक काढली."

"ते कागद कुठायत?"

"टाकून दिले. तसले कुणाला दाखवायचे?"

तो निघून गेल्यावर दोघं ती पाच सुबक चित्रं पुढ्यात घेऊन बसले. इथे खरा पेच होता. टाकलेल्या कागदांना मार्क देता येत नव्हते. जे दिसलं नाही त्याला मार्क द्यायचे, तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझेही कागद होते. आणि न द्यावेत, तर एका मुलाने केलेला सगळ्यात खरा प्रयत्न केराच्या टोपलीत जात होता. सर म्हणाले, "त्याला पुन्हा काढायला सांगू."

"त्याला एकट्याला नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना."

म्हणून सगळ्या वर्गाला जाहीर केलं. आणखी काही तास मिळतील. ज्याला ज्याला वाटतं की आपली अडलेली जागा पुन्हा करून बघावी, त्याने इथे, वर्गात, बाईंच्या समोर करावी. घरून आणलेलं चालणार नाही. ज्याला नको त्याने काही करू नये, त्याचे मार्क त्यामुळे कमी होणार नाहीत. बरीच मुलं बसली. काही जण खिडकीतून बाहेर बघत बसले, त्यांनाही कुणी बोललं नाही.

छापखान्याने घरून किटली आणली. समोर ठेवली आणि स्वतःचा चेहरा काढायला लागला. पहिला कागद भयंकर झाला. त्याने सवयीने तो चुरगळायला घेतला, आणि बाई शेजारून जाताना नुसत्या खाकरल्या. त्याने कागद सरळ केला. दुसऱ्यात त्याने चेहरा सोडून आधी खिडकी किटलीत कशी वाकते ते काढलं. तिसऱ्यात वाकड्या रेघांचं जाळं काढून पाहिलं, कान कुठे पळतो ते त्यावरून शोधलं. चौथ्यात किटलीच्या पोटातून एक ओळखीचा, रागावलेला, बटाट्यासारख्या नाकाचा मुलगा बाहेर बघत होता. रंग पसरलेला, कडा घाणेरड्या. शेजारच्या मुलाने बघितलं आणि खो खो हसला. छापखाना आधी लालबुंद झाला, आणि मग तोही हसला. बाईंनी त्याला एवढं मोठ्याने हसताना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

पुन्हा मार्क दिले. सर आणि बाई वेगवेगळ्या टेबलांवर, पाठीला पाठ. या वेळी अंतर फार थोडं राहिलं, आणि जिथे राहिलं तिथे दोघांनी फाईल मध्ये ठेवून, कागदावर बोट ठेवून ते मिटवलं. दोन-तीन मुलांचे मार्क खाली आले, त्यात केरसुणीवाला होता. त्यांनाही बोलावून कारण सांगितलं. गोगलगाईचे वाढले. छापखान्याचेही चांगले वाढले. हाताच्या कौशल्यात तो सगळ्या वर्गाच्या वर होता, आणि ते मार्क त्याला पहिल्यांदाही पूर्ण दिलेले होते. पण एकूणात तो पहिला आला नाही. शोधात तो अजून मागे होता, कारण त्याने किटली एकाच जागेवरून, एकाच रीतीने पाहिली होती, आणि त्याला किती मार्क ते तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

आईला बोलावलं. मोठ्या बाई बोलायला लागल्या, पण पुसूनका बाईंनी विनंती केली की मुलालाच सांगू दे. छापखान्याने टेबलावर ती सुबक किटली ठेवली आणि तिच्या शेजारी चार घाणेरडे कागद ओळीने मांडले. "हे बघ," तो आईला म्हणाला, "इथे मला येत नव्हतं. मग मी आधी खिडकी केली. मग रेघा. मग हे."

आईने शेवटचा कागद उचलला. तिला तो आवडला नसावा, कारण तिने तो बोटांच्या चिमटीत धरला होता. मग तिने मुलाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"हा तू आहेस," ती म्हणाली.

"किटलीतला."

"घरी का नाही दाखवलेस असले कागद?"

"तू म्हणतेस ना, चांगलं झालं की दाखव."

आईने तो कागद परत ओळीत, आपल्या जागी ठेवला. मग तिने बाईंना विचारलं, की शोधात कमी म्हणजे पुढच्या वेळी त्याने काय करावं. हा प्रश्न तिने मार्कांसाठीच विचारला असेल. पण बाईंना तो प्रश्न ऐकून फार बरं वाटलं, कारण एवढ्या वर्षांत कुणा पालकाने त्यांना तो विचारला नव्हता. त्यांनी उत्तर दिलं, आणि मुलाने ते आईपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं. जाताना आई म्हणाली, "मला अजून हे पूर्ण पटलेलं नाही. पण कशाचे मार्क ते आता कळलं."

"तेवढं पुरे आहे," बाई म्हणाल्या. त्यांना ते खरंच पुरेसं होतं. त्यांना स्वतःला एके काळी तेवढंही मिळालं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मधेच म्हणाले, "म्हणजे शेवटी गणितवाल्याने तुझ्या चुका काढल्या."

"काढल्या. एक त्यांनी, एक माझी मी. चांगल्या मोठ्या."

"मग तू एवढी फुशारून का बसलीयस?"

"कारण मी पुसल्या नाहीत," बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

सत्राच्या शेवटी दरवर्षी चित्रांचं प्रदर्शन असायचं. निवडक, देखणी चित्रं सभागृहाच्या भिंतीवर लागायची आणि पालक आपल्या मुलाचं चित्र शोधत फिरायचे. कुणाचं असायचं, कुणाचं नसायचं. या वर्षी बाईंनी प्रत्येक मुलाची एक दोरी बांधली आणि त्या दोरीवर पहिल्या चुकीपासून शेवटच्या चित्रापर्यंत सगळे कागद चिमट्यांनी लावायला सांगितले. कुणाला वगळलं नाही. सभागृहात जागा पुरेना, म्हणून दोऱ्या व्हरांड्यात गेल्या, जिन्यात गेल्या. शिपाईमामा दिवसभर चिमटे शोधत होते आणि कुरकुरत होते, पण केरसुणीच्या दोरीसमोर मात्र थांबून त्यांनी त्या मुलाला केरसुणी कशी बांधतात ते समजावून सांगितलं.

गोगलगाईची दोरी जिन्याच्या वळणावर आली होती. तिच्यापाशी गर्दी होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण फाटलेलं चित्र बघून माणसं थांबायची आणि विचारायची, हे फाटलं कसं? आणि ती सांगायची. सुका टॉवेल, ओला टॉवेल, वजन कुठे जातं, कागद कुठे हरला. एक जण गेला की दुसरा विचारायचा, ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची, घाई न करता. तिचा बाप खालच्या पायरीवर उभा होता, हातात तिची पाण्याची बाटली धरून, आणि प्रत्येक वेळी ती गोष्ट नव्याने ऐकत होता.

गणिताचे सर जिना चढून आले. त्यांनी स्वतः त्या टॉवेलबद्दल दोन वेगळ्या पालकांना माहिती दिली होती, असं नंतर कळलं. ते बाईंच्या शेजारी कठड्याला टेकून उभे राहिले.

"पुढच्या सत्राला विषय काय देताय?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरवतेय. का?"

"काही नाही. तपासायला मी आहेच, असं मोठ्या बाईंना सांगून आलोय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर कोळशाचा मोठा काळा डाग होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. बाईंनी त्यांना ते सांगितलं नाही. खालून आणखी एक कुटुंब जिना चढत येत होतं, आणि वळणावर ती मुलगी पुन्हा सुरुवातीपासून बोलायला लागली होती. बाई पदर खांद्यावर नीट घेऊन तिथेच उभ्या राहिल्या, ती काय सांगते ते पूर्ण ऐकायला.